छत्तीस कुणाचं, अंगाचं की ब्लाऊजचं?

येवल्याची पैठणी आता फोनवरून मागवता येते. फोटो पाहायचा, पदरावरचे मोर पसंत करायचे, पैसे भरायचे. खरेदीच्या त्याच पानावर खाली एक चौकोन असतो, ‘ब्लाऊज शिवून हवं’. त्यावर खूण केली की मापांचा तक्ता उघडतो आणि पहिल्याच ओळीत विचारणा होते, छाती किती? बाई टेप घेते, ३६ लिहिते आणि पुढे जाते. बहुतेक बिघडलेल्या ब्लाऊजांची सुरुवात या ओळीपाशी होते, कारण ते ३६ कुणाचं हे तिथे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

अंगाचं माप आणि तयार कपड्याचं माप ही दोन वेगळी मापं आहेत. छातीचा घेर ३६ इंच असेल, तर शिवून झालेलं ब्लाऊज साधारण ३७ इंच भरावं लागतं. तो वरचा इंच श्वासासाठी, हात वर नेण्यासाठी आणि हुक न ताणले जाण्यासाठी असतो. गल्लीतला शिंपी स्वतः टेप लावतो आणि हा इंच मनातच मिळवतो. ऑनलाइन दुकानाचा कारागीर कित्येक मैल दूर असतो आणि त्याच्यासमोर फक्त आकडा असतो. काही दुकानं अंगाचं माप मागवून त्यात स्वतः ढिलाई मिळवतात, तर काही तयार ब्लाऊजचं माप मागवून तेवढंच शिवतात. तक्त्यात दोन्हीकडे शब्द एकच असतो, ‘छाती’. म्हणून माप भरण्याआधी दुकानाला लेखी विचारावं, तुम्ही अंगाचं माप मागता की तयार ब्लाऊजचं? त्यांचं उत्तर जपून ठेवावं, ते पुढे उपयोगी पडतं.

शक्य असेल तिथे तयार ब्लाऊजचं माप देणं अधिक खात्रीचं. कपाटात एक तरी ब्लाऊज असं असतं, जे अंगावर बिनतक्रार बसतं. वाकडंतिकडं होणारं अंग मोजण्यापेक्षा ते मोजणं सोपं. मात्र मोजायचीही रीत आहे. हुक लावून ब्लाऊज सपाट पसरलं आणि काखेपासून काखेपर्यंत मोजून दुप्पट केली, तर आकडा चुकतो, कारण पुढच्या भागात टक्स असतात आणि तो भाग सपाट बसतच नाही. त्याऐवजी हुक काढून ब्लाऊज पूर्ण उघडावं, काखेखालच्या रेषेत एका टोकाच्या हुकांपासून दुसऱ्या टोकाच्या काजांपर्यंत टेप फिरवत न्यावी. हुकांखाली झाकली जाणारी जादा पट्टी मापात धरू नये. ती धरली, तर घेर अर्ध्या-पाऊण इंचाने उगाच वाढतो.

बाकीच्या मापांत मुंडा आणि टक्सची जागा ही दोन सर्वांत जास्त दगा देतात. मुंडा म्हणजे खांद्याच्या टोकापासून काखेतून फिरून परत तिथेच येणारा घेर. ब्लाऊजवर तो शिलाईच्या वळणावरून मोजावा, सरळ रेषेत नव्हे. टक्सची जागा म्हणजे मानेजवळच्या खांद्यापासून छातीच्या सर्वांत पुढे आलेल्या बिंदूपर्यंतचं अंतर. अनेक तक्त्यांत ही ओळच नसते. तेव्हा कारागीर सरासरी अंदाजाने टक्स घालतो आणि एक इंच जरी चूक झाली, तरी कापडाला चुकीच्या जागी टोक येतं. तक्त्यात ओळ नसेल, तर ‘इतर सूचना’ या रकान्यात हे अंतर लिहावं. अंगावर मोजताना जी अंतर्वस्त्रं त्या साडीवर घालायची तीच घालावीत, नाहीतर हा बिंदूच सरकतो.

गळ्याची खोली हा वेगळाच प्रश्न. फोटोतल्या मॉडेलचा मागचा गळा पाहून ‘असाच’ लिहिण्यात अर्थ नाही. तिची पाठ किती लांब आहे हे माहीत नसतं. आपल्या ब्लाऊजच्या दोन्ही खांद्यांवर आडवी पट्टी ठेवून तिथून सरळ खाली गळ्याच्या तळापर्यंत मोजावं आणि ‘शिवून झाल्यावर इतकी’ असं स्पष्ट लिहावं. सगळ्या मापांत जपायचं ते हेच, कारण खोल कापलेला गळा परत वर घेता येत नाही.

आता एक उदाहरण अथपासून इतिपर्यंत पाहू. पुण्यातल्या एका बाईंनी काठाच्या बाह्यांचं, अस्तर लावलेलं पैठणीचं ब्लाऊज साडीबरोबरच शिवून मागवलं, असं धरू. अंगावर टेप लावून छाती ३६ लिहिली. दुकानाने ते तयार माप मानलं. पार्सल आलं, ब्लाऊज बरोबर ३६ भरलं. अंगात घातल्यावर हुक लागले, पण दोन हुकांच्या मध्ये फटी पडल्या आणि छातीवर आडव्या चुण्या आल्या. घेर कमी पडल्याची ही नेमकी खूण. चुण्या काखेतून छातीकडे तिरक्या गेल्या असत्या, तर दोष मुंड्याचा असता. खांदा घसरत असता, तर गळा रुंद झालेला असता. चुण्यांची दिशा पाहिली की दुरुस्ती कुठे हवी ते कळतं.

बाईंनी ब्लाऊज उलटं केलं. हे प्रत्येकीने करावं, घालून पाहण्याच्याही आधी. काखेखालच्या शिलाईच्या आत जे जादा कापड सोडलेलं असतं त्याला शिंपी ‘माया’ म्हणतात. तिथे एक इंच माया होती. मग हिशेब सोपा आहे. शिलाई पाव इंच बाहेर सरकवली, की पुढच्या भागाला पाव आणि मागच्या भागाला पाव, म्हणजे एका बाजूला अर्धा इंच मिळतो. दोन्ही बाजूंना मिळून एक इंच. ३६ चं ३७ झालं. बाहीची शिलाई आणि बाजूची शिलाई सलग असल्यामुळे दंडालाही तेवढ्यातच मोकळीक मिळाली. ओळखीच्या शिंप्याचं अर्ध्या तासाचं काम.

हीच माया पाव इंचाचीच असती, तर शिलाई सरकवायला जागाच उरली नसती. कापड वाचवण्यासाठी किंवा आतून नीटस दिसावं म्हणून कडा ओव्हरलॉक करताना माया कापून टाकली जाते, असं पुष्कळदा होतं. कधी वरच्या कापडाला माया असते आणि अस्तर मात्र शिलाईलगत कापलेलं असतं, तेव्हाही हात बांधले जातात. मग एकच उपाय उरतो, काखेखाली त्याच कापडाची पट्टी जोडणं. त्यासाठी ब्लाऊजपीसचे उरलेले तुकडे हाताशी हवेत. म्हणून मागणी नोंदवतानाच दोन ओळी लिहाव्यात: ‘बाजूला अस्तरासह एक इंच माया ठेवावी. उरलेलं कापड ब्लाऊजसोबत पाठवावं.’ या दोन ओळींना वेगळा खर्च नाही आणि पुढची जवळजवळ सगळी दुरुस्ती यांवरच अवलंबून असते.

तरीही माया सगळं सांभाळत नाही. रेशमी किंवा टिश्यूच्या कापडात उसवलेल्या जुन्या शिलाईची भोकं दिसत राहतात. ती काखेखाली लपतात, छातीवर लपत नाहीत. बाहीचा काठ एकदा कापला की बाही लांब होत नाही. आरी वर्कच्या ब्लाऊजमध्ये भरतकाम आधी होतं आणि शिलाई नंतर. नक्षी बाजूच्या शिलाईपर्यंत नेलेली असेल, तर तिथे घट्ट किंवा सैल करताना नक्षीच तुटते. अशा ब्लाऊजच्या बाबतीत घेर अर्धा इंच मोठाच सांगणं शहाणपणाचं. मोठं ब्लाऊज आत घेता येतं. अस्तराचाही एक घोटाळा असतो. सुती अस्तर न धुता लावलं, तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड चुरगळल्यासारखं दिसतं. ‘अस्तर आधी भिजवून घेता का?’ हेही विचारून ठेवावं.

परत करण्याचा विषय निघाला की बहुतेक दुकानं एकच वाक्य दाखवतात, ‘मापाने शिवलेला माल परत घेतला जाणार नाही.’ यात एक मोठी मेख आहे. ब्लाऊजपीस साडीला जोडून असतो आणि शिवण्यासाठी तो कापला, की अख्खी साडीही परत न होणारी ठरते. रंग फोटोपेक्षा वेगळा निघाला तर मग वाद घालावा लागतो. महागडी पैठणी असेल, तर आधी साडी न शिवता मागवावी, दिवसाच्या उजेडात रंग आणि वीण पाहावी आणि मगच ब्लाऊजपीस शिवायला द्यावा. वेळ थोडा जास्त जातो, पण साडी पसंत नसेल तर परत करण्याचा मार्ग मोकळा राहतो.

शिवलेलं ब्लाऊज दिलेल्या मापाप्रमाणे नसेल, तर मात्र ते वाक्य दाखवून दुकानाला सुटता येत नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार माल सदोष असेल, जाहिरातीप्रमाणे किंवा ठरल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेणं किंवा पैसे परत देणं नाकारता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत मिळायला हवी आणि निवारण महिन्याभरात. तसं न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. पण आपण लिहिलेलं मापच चुकलं असेल, तर दोष दुकानाचा नाही, आणि वरच्या उदाहरणात वाद नेमका इथेच अडकतो. सुरुवातीला विचारलेल्या ‘अंगाचं की तयार?’ या प्रश्नाचं लेखी उत्तर तिथे पुरावा ठरतं. ब्लाऊज न धुता, खुणेची चिठ्ठी न काढता, टेप लावून आकडा दिसेल असा फोटो त्याच दिवशी पाठवावा. एकदा गल्लीतल्या शिंप्याने शिलाई उसवली, की मूळ माप काय होतं हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. म्हणून आधी तक्रार, मग दुरुस्ती.

न्यू जर्सी किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी बायकांसाठी ही सगळी गणितं अधिक कडक होतात. परत पाठवण्याचा टपालखर्च कधीकधी ब्लाऊजच्या शिलाईपेक्षा जास्त पडतो आणि तिथल्या दुरुस्तीच्या दुकानांत टक्सचं ब्लाऊज हाताळलेलं माणूस मिळेलच असं नाही. अशा वेळी आधी साध्या सुती कापडाचं एक ब्लाऊज त्याच दुकानाकडून शिवून घ्यावं. ते अंगावर घालून हात वर करून पाहावेत, बसून पाहावं, कुठे किती कमीजास्त झालं ते लिहून पाठवावं आणि मग पैठणीला कात्री लावू द्यावी. तक्त्यात इंच आहेत की सेंटीमीटर, हेही पाहून घ्यावं.

पुण्यातल्या बाईंनी ढिलं केलेलं ते ब्लाऊज आता मापाचं ब्लाऊज म्हणून कपाटात वेगळं ठेवलं. हुकापासून काजापर्यंत ३७, मुंडा, दंड, टक्सची जागा, गळे, उंची हे सगळं त्यांनी वहीत तारखेसह उतरवलं. पुढची मागणी नोंदवताना ‘छाती’च्या रकान्यात नुसता आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं: ‘३७, शिवून झालेल्या ब्लाऊजचं माप. अंगाचं माप ३६. यात आणखी ढिलाई मिळवू नये.’