नमस्काराला यादीचं उत्तर

समजा, वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय आणि उद्या सकाळी डिस्चार्ज मिळणार आहे. घरी आई आहे, पण त्यांना धरून उठवणं, बाथरूमपर्यंत नेणं तिला झेपणारं नाही. रात्री दहाच्या सुमारास मुलगी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बाकावर बसते आणि कुणीतरी दिलेल्या एका नर्सिंग ब्यूरोच्या नंबरवर व्हॉट्सॲप करते, "नमस्कार."

उत्तर क्षणात येतं. ब्यूरोकडून स्वागत, आणि खाली सेवा: प्रशिक्षित नर्स, बारा तासांची मावशी, चोवीस तासांची मावशी, ज्येष्ठांची देखभाल, शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची सेवा, फिजिओथेरपी, बाळ-बाळंतीण, कॅन्सरच्या रुग्णांची काळजी, घरी येऊन रक्ततपासणी, हॉस्पिटलचा पलंग भाड्याने, व्हीलचेअर, ऑक्सिजन, रुग्णवाहिका. शेवटी एक ओळ, "आपल्याला हव्या असलेल्या सेवेचा क्रमांक पाठवा."

यात खोटं काही नाही. उलट तिला हवं ते नेमकं या यादीत कुठेतरी आहे. तरीही ती यादी एकदा वर, एकदा खाली सरकवते, आणि थोड्या वेळाने लिहिते, "हॅलो?"

हा दुसरा हॅलो फार बोलका आहे. तो समजून घ्यायला साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासाची मदत होते. इमॅन्युएल शेग्लॉफ हे समाजशास्त्रज्ञ तेव्हा पोलिस खात्यातल्या फोनवरच्या संभाषणांची ध्वनिमुद्रणं तपासत होते. फोन कसे सुरू होतात, एवढाच त्यांचा प्रश्न होता. सुमारे ५०० संभाषणांच्या सुरुवाती पाहिल्यावर त्यांना एक साधा नियम दिसला: ज्याने फोन उचलला तो आधी बोलतो. फक्त एका संभाषणाने हा नियम मोडला होता. पोलिसांनी फोन लावला, पलीकडे रिसीव्हर उचलला गेला, सेकंदभर कुणीच बोललं नाही, आणि मग फोन लावणाऱ्या पोलिसानेच "हॅलो" म्हटलं.

पाचशेतलं एक उदाहरण अपवाद म्हणून बाजूला टाकता आलं असतं. शेग्लॉफ यांनी ते टाकलं नाही, त्या एका फोनसाठी सगळी मांडणी नव्याने केली. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी दाखवलं, की फोनची घंटा हीच पहिली हाक असते आणि उचलणाऱ्याचा हॅलो हा त्या हाकेला दिलेला ओ असतो. पलीकडून ओ आलाच नाही, म्हणून पोलिसाने पुन्हा हाक मारली. त्याचा हॅलो हा अभिवादनासाठी नव्हताच. आपण दारावरची बेल वाजवतो, आतून काही चाहूल लागली नाही की पुन्हा वाजवतो, तसाच तो होता.

आता त्या बाकावरच्या मुलीकडे पाहू. तिने हाक मारली. उत्तरादाखल चौदा ओळी आल्या. तरी ती पुन्हा हाक मारते, याचा अर्थ त्या चौदा ओळी तिच्या लेखी ओ नव्हत्या. "कुणी आहे का तिथे?" हा तिचा प्रश्न अजून तसाच उभा आहे. अशी यादी पाठवणाऱ्या कुणालाही आपली यादी लागू पडते की नाही हे ओळखायचं असेल, तर याहून चांगली खूण सापडणार नाही. यादीनंतर लोक पुन्हा हॅलो लिहितात का, नुसतं प्रश्नचिन्ह पाठवतात का, यादीकडे दुर्लक्ष करून आपली हकिगत लिहितात का, की सरळ फोन लावतात, हे पाहावं.

हाकेला ओ मिळाल्यावर काय होतं, हेही शेग्लॉफ यांनी पुढे तपशीलवार मांडलं. दोघं एकमेकांना ओळखतात, अभिवादन होतं, "कसं काय" होतं, आणि मग एक जागा येते, जिथे फोनचं कारण सांगितलं जातं. ती जागा सहसा फोन करणाऱ्याची असते. ज्याने हाक मारली त्याच्याकडे काहीतरी सांगण्यासारखं आहे असं दोघंही गृहीत धरतात, आणि ज्याला हाक मारली तो गप्प राहून वाट पाहतो. आपल्याकडे दुकानदार "बोला ताई" म्हणून थांबतो, तो याच जागेवर थांबतो.

यादी ही जागा गिळून टाकते. मुलीला सांगायचं होतं, "वडील ७८ वर्षांचे आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालंय, उद्यापासून रात्री कुणीतरी हवंय." हे वाक्य तिच्या मनात तयार होतं. ते बोलण्याची पाळी येण्याआधीच समोरून विषय ठरला, आणि विषय आहे ब्यूरो. आता तिला आपलं वाक्य बाजूला ठेवून त्यांचं वाचायला हवं. माझ्या मते जड वाटतं ते मुख्यतः याचं. ओळी चौदाच्या जागी सात असत्या तरी हे ओझं निम्मं झालं नसतं.

लांब बोलायचं असेल तर आपण एरवी समोरच्याची परवानगी घेतो, हेही इथे लक्षात घ्यायला हवं. "अगं, ऐक ना, काल काय झालं माहितेय?" असं म्हणून मैत्रीण थांबते. "काय झालं?" असं आपण विचारलं की मग ती पाच मिनिटं बोलते आणि आपण आनंदाने ऐकतो, कारण ती पाच मिनिटं आपण तिला दिलेली असतात. नमस्काराच्या मागोमाग आलेल्या यादीने अशी सवड मागितलेली नसते. तिच्या लांबीमुळे वाचणाऱ्यावर आणखी एक दडपण येतं: एवढं लिहिलंय म्हणजे सगळं वाचायला हवं, आणि वाचून अचूक उत्तर द्यायला हवं.

अशा वेळी दोष सहसा पर्यायांच्या संख्येला दिला जातो, आणि जॅमच्या बाटल्यांचा प्रयोग सांगितला जातो. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. दुकानातल्या चव पाहण्याच्या टेबलावर कधी २४ प्रकारचे जॅम ठेवले, कधी सहाच. २४ प्रकारांपाशी थांबलेल्यांपैकी सुमारे तीन टक्के लोकांनीच जॅम विकत घेतला, सहांपाशी थांबलेल्यांपैकी सुमारे तीस टक्क्यांनी. प्रयोग गाजला खरा, पण २०१० साली अशा ५० प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. काही ठिकाणी जास्त पर्यायांनी लोक गोंधळले, काही ठिकाणी उलट खूश झाले. साड्यांच्या दुकानात शंभर साड्या गादीवर पसरल्या तरी गिऱ्हाईक दडपत नाही, कारण ते साड्या पाहायलाच आलेलं असतं आणि "काठाची दाखवा, फिकट रंगात" असं त्याने आधी सांगितलेलं असतं.

मुलीने तसं काही सांगितलेलंच नाही. त्यात यादीचे कप्पे ब्यूरोच्या सोयीचे आहेत. वडील ज्येष्ठ आहेत, म्हणजे चौथा क्रमांक. शस्त्रक्रिया झालीय, म्हणजे पाचवा. सध्या ते पलंगावरच आहेत, म्हणजे कदाचित सहावा. रात्रीसाठी मावशी हवी, म्हणजे दुसरा. चालायला शिकवणारं कुणी लागेल असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे सातवा. एका माणसाची एक अडचण पाच कप्प्यांत विखुरली आहे, आणि पाठवायचा आहे एकच क्रमांक. कोणता बरोबर, हे ठरवायला नर्स आणि मावशी यांच्या कामात काय फरक असतो ते माहीत असावं लागतं. इंजेक्शन, सलाईन, जखमेचं ड्रेसिंग असेल तर नर्स. उठवणं, अंग पुसणं, भरवणं, रात्री सोबत करणं असेल तर मावशी, आणि रुग्ण पुरुष असेल तर बऱ्याच घरांना मावशीऐवजी पुरुष मदतनीस हवा असतो. ब्यूरोत बसणाऱ्या माणसाला हे झोपेत विचारलं तरी सांगता येईल. यादीने हे त्याचं काम उचलून, ज्याला ते सगळ्यात कमी जमेल त्याच्यावर टाकलं आहे.

ब्यूरोवाल्याचा हेतू वाईट नसतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये स्वागताचा संदेश आधीच लिहून ठेवता येतो. कुणी पहिल्यांदा लिहिलं, किंवा १४ दिवसांच्या शांततेनंतर पुन्हा लिहिलं, की तो आपोआप जातो. लिहिताना समोर कुणीच नसतं. येणारा बाळंतिणीसाठी येईल की ऑक्सिजनसाठी, हे ठाऊक नसल्यामुळे लिहिणारा सगळ्यांसाठी लिहितो. आपल्याकडे व्हीलचेअरही मिळते हे न कळून गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तर, ही धास्तीही त्यात असते. असा सगळ्यांसाठी लिहिलेला मजकूर एकटीला मिळाला, की आपल्याशी कुणी बोलतंय असं तिला वाटत नाही.

हाच संदेश असा लिहिता येईल: "नमस्कार. कोणासाठी मदत हवी आहे आणि कधीपासून, ते सांगाल का?" एवढंच. मुलगी तिचं तयार असलेलं वाक्य जसंच्या तसं पाठवते, आणि त्या एका वाक्याने यादीतल्या बहुतेक ओळी गळून पडतात. पुढचा प्रश्न माणसाने विचारायचा, "ड्रेसिंग किंवा इंजेक्शन चालू आहे का?" ती म्हणते, नाही, टाके काढायला हॉस्पिटलमध्येच बोलावलंय. म्हणजे नर्स नको. मग फक्त दोन गोष्टी उरतात: बारा तास की चोवीस, आणि मावशी की पुरुष मदतनीस. इथे पर्याय समोर ठेवले तर ते हवेसे वाटतात, कारण आता ते तिच्या वडिलांबद्दल आहेत. पलंग आणि व्हीलचेअरही याच वेळी सुचवावी. खुब्याच्या ऑपरेशननंतर कमोडवर बसवायची उंच सीट लागते, हे अनेक घरांना घरी पोहोचल्यावर कळतं. ते इथे कुणी आपणहून सांगितलं तर मोठा आधार होतो.

यादी पहिल्याच उत्तरात शोभते अशाही जागा आहेत. "तुमच्याकडे काय काय सेवा आहेत?" असं कुणी विचारलं, तर पूर्ण यादीच द्यावी, दरांसह. तिथे उलट "आपल्याला काय हवंय?" असा प्रश्न टाकला तर विचारणाऱ्याला टाळल्यासारखं वाटतं. नेहमीच्या गिऱ्हाइकालाही आकडे आवडतात, कारण दोन नंबर म्हणजे काय हे त्याला पाठ असतं.

रात्री दहाला ब्यूरोत कुणी नसेल, तर पहिल्या संदेशात ते स्पष्ट लिहायला हवं: "सकाळी आठला आमचा माणूस उत्तर देईल, तोपर्यंत आपली अडचण इथे लिहून ठेवा." हाही ओच आहे, फक्त उशिराचा. आणि न विचारता सांगावी अशी एकच गोष्ट त्याखाली असावी: रुग्णाची प्रकृती अचानक बिघडली तर वाट न पाहता १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.