वडापवाल्या मामांचा पहिला बीपी

या एपिसोडमध्ये एक छोटी गोष्ट सांगतो. गोष्ट मी रचलेली आहे, पण तिच्यातलं मेडिकल खरं आहे.

मामा, वय ४६. कोल्हापूर ते गगनबावडा वडाप चालवतात. दोन आठवडे सकाळी उठल्या उठल्या डोकं ठणकायचं. मग चहा, तंबाखू आणि मेडिकलमधून घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळी. एका संध्याकाळी परत येताना समोरच्या ट्रकचा नंबर वाचता येईना, आणि हेडलाइट पसरट दिसायला लागले. मामांचा निष्कर्ष, "चष्मा लागला वाटतं."

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या मुलीनं सगळ्या काचा घालून बघितल्या. फरक शून्य. मग तिनं काळ्या चकतीतल्या बारीक भोकातून तक्ता वाचायला लावला. ही सोपी युक्ती आहे. दोष चष्म्याच्या नंबरचा असेल तर त्या भोकातून अक्षरं बरीच स्पष्ट दिसतात. मामांना तेवढीच धूसर दिसली. म्हणजे भानगड काचेने सुटणारी नव्हती, डोळ्याच्या आत कुठंतरी होती. ती म्हणाली, "मामा, गाडी इथंच लावा. रिक्षानं सीपीआरला जावा, आत्ताच."

सीपीआरमध्ये सिस्टरनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. २१८/१३०.

"आत्ता चहा घेतलाय, सिस्टर. तंबाखूबी हाय तोंडात. म्हणून आलं असंल."

मामांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. चहा, तंबाखू, तुंबलेली लघवी, लोंबकळता हात, जाड दंडाला छोटा पट्टा, या सगळ्यांनी आकडा फुगतो. म्हणून सिस्टरनी तोंड धुवायला लावलं, बाथरूमला पाठवलं, पाच मिनिटं गप्प बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मोठा पट्टा घेऊन दोन्ही हातांचं परत मोजलं. २१०/१२६. मापातल्या चुकांनी आकडा दहा-वीसने हलतो. १३० च्या जागी २१० दिसत नाही.

आता इथं थोडं थांबू, कारण बहुतेकांचा गोंधळ इथंच होतो. बहुतेक डोकेदुखींचा बीपीशी संबंध नसतो, आणि बीपी वाढलेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही. नुसता २१० आकडा असता आणि बाकी सगळं ठीक असतं, तर डॉक्टरांनी गोळ्या सुरू करून, काही दिवसांत परत बोलावून घरीही पाठवलं असतं. खरा प्रश्न वेगळा: या दाबानं आत्ता कुठल्या अवयवाला इजा होते आहे का?

याचं उत्तर डोळ्यात दिसतं. शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या न कापता थेट बघता येतात अशी ही एक जागा आहे. डॉक्टरांनी बाहुली मोठी करून मामांचा पडदा बघितला. रक्ताचे बारीक डाग, कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे ठिपके, आणि डोळ्याच्या नसेच्या टोकाला सूज. लघवीत प्रोटीन. ईसीजीत हृदयाची डावी बाजू जाड झाल्याच्या खुणा. हृदय दोन आठवड्यांत असं जाड होत नाही. बीपी कित्येक वर्षं वाढलेलं होतं, मोजलंच नव्हतं. त्यात रोजच्या डायक्लोफेनॅकनं भर घातली, कारण या गटातल्या गोळ्या मीठ-पाणी शरीरात धरून ठेवतात आणि बीपी वाढवतात. डोकं दुखतंय म्हणून गोळी, गोळीमुळे बीपी अजून वर. आमच्या कोडिंगच्या भाषेत, लूप.

अॅडमिट केल्यावर मामांचे बंधू म्हणाले, "डॉक्टर, लगीच उतरवा की खाली." डॉक्टरांनी नकार दिला. वर्षानुवर्षं जास्त दाब सोसून मेंदूच्या रक्तवाहिन्या त्या दाबालाच सरावतात. एकदम १२० वर आणलं तर मेंदूला रक्त पुरत नाही आणि लकवा होऊ शकतो. एकेकाळी निफेडिपिनची कॅप्सूल जिभेखाली फोडायची पद्धत होती. ती याच कारणानं मागे पडली. म्हणून शिरेतून औषध, हाताशी मॉनिटर, आणि पहिल्या तासात वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर उतरवायचं नाही. मामांचा वरचा आकडा तासाभरात १७० जवळ आला, काही तासांत १६०. पुढचं काम दिवसांच्या हिशेबानं, गोळ्यांवर.

चौथ्या दिवशी घरी. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन रोज, डायक्लोफेनॅक बंद, खर्डा-लोणच्यातलं मीठ कमी. डोकं आधी थांबलं. नजर मात्र हळूहळू परत आली, कारण पडद्यावरची सूज ओसरायला आठवडे लागतात. तोवर वडाप पुतण्यानं चालवलं आणि मामा शेजारच्या सीटवर बसून समोरच्या गाड्यांचे नंबर मोठ्यानं वाचायचे.

"एमएच ०९... पुढचं काय रं?"

सातव्या आठवड्यात पुतण्याला सांगावं लागलं नाही.