सरळ अवतरणं, वळलेली अवतरणं आणि मधला कोड

टाइपरायटरवर कळांची काटकसर होती, म्हणून उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या अवतरणाला एकच सरळ खूण मिळाली आणि अपसारणचिन्हाऐवजी दोन संयोगचिन्हं शेजारी ठोकली जाऊ लागली. संगणकाच्या कीबोर्डनंही तेच उचललं. छापील पानावर मात्र `"` चं `“ ”` आणि `--` चं `—` व्हायला हवं. कादंबरीत ‘शोधा आणि बदला’ने काम बरंचसं भागतं. संगणकाच्या पुस्तकात तसं केलं, तर ही आज्ञाही बदलते:

```
git commit --amend -m "चूक दुरुस्त"
```

वळलेली चिन्हं आली की दिसायला ती अधिक देखणी होते, पण चालत नाही. शेलला वळलेलं अवतरण कळत नाही, त्यामुळे संदेश मधल्या मोकळ्या जागेवर तुटतो. `—amend` आणि `दुरुस्त”` ही गिटला फाइलींची नावं वाटतात आणि अशा फाइली नाहीत म्हणून ते अडतं. वाचकाने पुस्तकातून जशीच्या तशी उतरवलेली ओळ, आणि दोष त्याला स्वतःचाच वाटतो.

जॉन ग्रुबरच्या ‘स्मार्टीपँट्स’ या जुन्या साधनाने यावर काढलेला उपाय आजही पक्का आहे. आधी मजकुराचे तुकडे पाडायचे, कोडचे तुकडे बाजूला ठेवायचे आणि बदल फक्त गद्यात करायचे. गद्यातला ढोबळ नियम असा: ओळीच्या सुरुवातीला, मोकळ्या जागेनंतर किंवा उघडत्या कंसानंतर आलेलं अवतरण उघडणारं, बाकीचं मिटणारं. ‘अक्षरानंतर आलं तर मिटणारं’ असा नियम मराठीत फसू शकतो. पायथनच्या नेहमीच्या `re` मध्ये `\w` ला मात्रा अक्षर वाटत नाही. म्हणजे ‘पाणी’नंतरचं अवतरण मिटतच नाही.

खरी गंमत तुकड्यांच्या सांध्यावर होते. हे वाक्य घ्या:

```
तो म्हणाला, "आधी चालवा `git log`".
```

कोड बाजूला काढल्यावर शेवटचं अवतरण नव्या तुकड्याच्या अगदी सुरुवातीला येतं आणि नियम त्याला उघडणारं ठरवतो. म्हणून आधीच्या तुकड्याचं शेवटचं चिन्ह लक्षात ठेवावं लागतं, मग तो तुकडा कोडचा का असेना.

`'९२ साली` मधली खूण कुठलाच साधा नियम नीट ओळखत नाही. ती गाळलेल्या अंकांची खूण आहे, `’` अशीच हवी. पण मोकळ्या जागेनंतर येत असल्यामुळे `‘` होऊन बसते. अशा जागा डोळ्यांनीच शोधाव्या लागतात.

कोडची तपासणी मात्र यंत्रावर सोपवता येते. बदलाआधीच्या आणि नंतरच्या फाइलमधून फक्त कोड वेगळा काढायचा आणि दोन्ही `diff` ला द्यायचे. काहीच छापून आलं नाही, तर कोड शाबूत आहे. एक ओळ जरी दिसली, तर बहुधा कुठेतरी कोडची खूण बंद करायची राहिली आहे.