सहीतला कंप

मनोविकारशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे लिथियमवर जे व्याख्यान मला दर वर्षी द्यावे लागते, ते मी हट्टाने मे महिन्यातच ठेवतो. कारण पिपरी मेघेतून वर्ध्याकडे निघताना सकाळी नऊलाच ज्या उन्हाने अंगरखा पाठीला चिकटतो, ते ऊनच या औषधाच्या वेळापत्रकाची खरी परीक्षा घेते.

वेळापत्रक सांगावयास फार वेळ लागत नाही. औषध सुरू केल्यावर, अथवा मात्रा बदलल्यावर, पाच ते सात दिवसांनी रक्तातील पातळी पाहावयाची, कारण तितक्या अवधीनंतरच ती रक्तात स्थिरावते. स्थिर होईपर्यंत दर आठवड्यास, पुढे पहिले वर्षभर दर तीन महिन्यांनी, आणि नंतर प्रकृती निर्धोक असल्यास सहा महिन्यांनी. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम यांच्या तपासण्या आरंभी एकदा व पुढे सहामाही. दीर्घकालीन उपचारात पातळी बहुधा दर लिटरला ०.६ ते ०.८ मिलिमोल राखतात. परंतु नमुना शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घेतलेला नसेल तर या आकड्यास काहीच अर्थ उरत नाही. सकाळी गोळी घेऊन दोन तासांनी आलेल्या रुग्णाचे रक्त काढले, तर पातळी खोटीच चढलेली दिसते. तोच घोटाळा हिरव्या झाकणाच्या नळीनेही होतो. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून बहुधा लिथियम हेपॅरिन घातलेले असते, आणि ज्याचा शोध घ्यावयाचा तेच द्रव्य नमुन्यात आपण आपल्या हाताने मिसळतो.

यानंतर मी विद्यार्थ्यांपुढे बाह्यरुग्ण विभागातील नोंदवहीच्या दोन पानांच्या प्रती ठेवतो, रुग्णाचे नाव झाकून फक्त सहीचा शेवटचा भाग उघडा राखलेल्या. रुग्ण बावन्न वर्षांची शेतकरी बाई. रोज रात्री नऊ वाजता लिथियम कार्बोनेटच्या तीनशे मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. फेब्रुवारीतील पातळी ०.७ आणि सही गोल, दाबून केलेली. मेमधील सहीत मात्र प्रत्येक वळणाला दाते पडलेले, आणि वेलांटी ओळ सोडून खाली घसरलेली. "मांगच्या आठवड्यापासून हात लय थरथरते, साहेब, चहाची बशी धरली तं सांडते," असे तिच्या नवऱ्याने त्या दिवशी सांगितले होते.

लिथियम घेणाऱ्या पुष्कळांच्या बोटांना बारीक, जलद कंप असतोच. हात पुढे करवून बोटांवर कागद ठेवला म्हणजे तो दिसतो, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. घाबरावयाचे ते ठसठशीत, ओबडधोबड कंपास, ज्याने पेला ओठापर्यंत पोहोचत नाही. आणि त्याच्या जोडीला जुलाब, मळमळ, चालताना तोल जाणे, जड जीभ, विनाकारण गुंगी ही लक्षणे आली असतील तर पातळीचा कागद हाती येईपर्यंत थांबावयाचे नसते. हा कागद फसवूही शकतो: दीर्घकाळ औषध घेणाऱ्या वृद्धांत मेंदूवरील विषबाधा सर्वसाधारण भासणाऱ्या आकड्यावरही प्रकट होते.

बाईंच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. गुडघ्यासाठी कोणी दिलेल्या आयब्युप्रोफेनच्या गोळ्या त्या आठ दिवस घेत होत्या. उन्हात कपाशीच्या पऱ्हाट्या वेचताना घाम अमाप गेला. आणि दोन दिवस जुलाब झाले. मूत्रपिंडास लिथियम आणि सोडियम यांतील भेद नीट कळत नाही. शरीरातील मीठ व पाणी घटले म्हणजे ते सोडियम राखून ठेवू लागते आणि त्याच्यासोबत लिथियमही परत शोषते. वेदनाशामकाने तर मूत्रपिंडातून होणारा निचरा आणखी मंदावतो. सकाळी नऊ वाजता, म्हणजे बरोबर बारा तासांनी घेतलेल्या नमुन्यात पातळी १.७ आली, आणि क्रिएटिनिन ०.९ वरून १.६ वर गेले होते.

दोन्ही औषधे तत्काळ थांबवून शिरेतून क्षारजल दिले. येथे मी थांबून बजावतो की सोडियम वारंवार मोजा, कारण लिथियमने ज्यांच्या मूत्रपिंडाची पाणी राखण्याची शक्ती खालावलेली असते, त्यांच्या रक्तात या क्षारजलानेच सोडियम धोकादायक वाढू शकते. सहा तासांनी पातळी १.५, दुसऱ्या दिवशी १.१. झटके आले असते, शुद्ध हरपली असती, अथवा मूत्रपिंड निकामी असून पातळी चारच्या वर गेली असती, तर डायलिसिसचाच मार्ग होता. विलंब झाल्यास लहान मेंदूची हानी कायमची राहू शकते.

क्रिएटिनिन पूर्ववत झाल्यावर सहाशे मिलिग्रॅमवर पुन्हा आरंभ केला, आणि सातव्या दिवशी ०.६ आले.

एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तिची पुढची तपासणी वेळापत्रकानुसार केव्हा होती?" मी फेब्रुवारीचे पान उलटून दाखवले: पुढची तारीख मेच्या अखेरीची, म्हणजे सही बिघडल्यावर अठरा दिवसांनी. त्या दिवसापासून आमच्या चिठ्ठीवर मराठीत लिहिलेले असते: जुलाब, उलटी, ताप, हातापायांचा मोठा कंप किंवा तोल जाणे झाल्यास गोळी थांबवा, पाणी प्या, आणि तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी या.