पुस्तक मिटल्यावर लिहिलेलं वाक्य

प्रॅक्टिकलची जर्नलं तपासायला बसले की ‘चर्चा’ या मथळ्याखालचा मजकूर मी आधी वाचते. आकडे आणि फोटो ज्याचे त्याला काढावेच लागतात, पण प्रयोगात जे घडलं ते का घडलं हे सांगायची वेळ आली की मुलं पुस्तकाचा हात धरतात. एका वर्षी जिवाणूंमधून प्लाझ्मिड वेगळा करण्याच्या प्रयोगात एका मुलीने लिहिलं होतं की अल्कलीमुळे सगळा डीएनए ‘नष्ट होतो’. पुस्तकात ‘डीनेचर होतो’ असं होतं. शब्द बदलला म्हणजे वाक्य आपलं झालं, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. मी तिला तिच्याच जेलचा फोटो दाखवून विचारलं, “डीएनए नष्ट झाला, मग हा पट्टा कसला?”

हा प्रयोग जवळून पाहिला, तर नक्कल कुठे होते आणि ती कशी टाळता येते हे नीट कळतं. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या पेशीतली डीएनएची छोटी, बंद वर्तुळं. आपल्याला ती हवी असतात, मुख्य गुणसूत्राचा डीएनए नको असतो. ई. कोलायचं गुणसूत्रही वर्तुळाकारच, पण ते सुमारे 46 लाख बेस-जोड्यांचं, आणि नेहमीचा प्लाझ्मिड काही हजार जोड्यांचा. पेशी फुटताना एवढ्या लांब गुणसूत्राचे तुकडे होतात. दुसऱ्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड आणि एसडीएस हे डिटर्जंट असतं. त्याने पेशी फुटते आणि डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांपासून सुटतात. हेच डीनेचर होणं. धागे तुटत नाहीत, सुटतात. गुणसूत्राच्या तुकड्यांचे धागे कायमचे लांब जातात. प्लाझ्मिडची दोन्ही वर्तुळं मात्र साखळीच्या कड्यांसारखी एकमेकांत अडकलेली असल्यामुळे सुटूनही जवळच राहतात. मग तिसरं, आम्लधर्मी द्रावण घातलं की पीएच खाली येतो. प्लाझ्मिडचे धागे चटकन पुन्हा जुळतात. गुणसूत्राच्या धाग्यांना आपला जोडीदार सापडत नाही. ते एकमेकांत गुंतून, प्रथिनं आणि डिटर्जंटबरोबर पांढऱ्या गुठळ्या होऊन खाली बसतात. नळीत नासलेल्या दुधासारखं दिसतं ते हेच. प्लाझ्मिड वरच्या नितळ पाण्यात राहतो.

आता समजा पुस्तकात असं वाक्य आहे: ‘उदासिनीकरणानंतर सहसंयुजी बंधांनी बंद असलेला वर्तुळाकार प्लाझ्मिड डीएनए त्वरेने पुनर्जुळणी करतो, तर गुणसूत्री डीएनए अविद्राव्य जाळे तयार करून अवक्षेपित होतो.’ विद्यार्थी लिहितो: ‘उदासीन केल्यावर बंद गोलाकार प्लाझ्मिड डीएनए लवकर पुन्हा जुळतो, परंतु गुणसूत्राचा डीएनए न विरघळणारी जाळी बनवून खाली बसतो.’ बहुतेक शब्द बदलले आहेत, पण सांगाडा तसाच आहे. कर्ता, क्रम, मधला विरोध, सगळं पुस्तकाचं. अमेरिकेतल्या लेखन-अध्यापक रिबेका मूर हॉवर्ड यांनी अशा लेखनाला ‘पॅचरायटिंग’ म्हटलं, म्हणजे ठिगळं लावून लिहिणं. ज्याला विषय अजून नीट उमगलेला नाही, तो शिकता शिकता असं लिहितो, असं त्यांचं निरीक्षण आहे. माझा अनुभवही तोच आहे. ही मुलं लबाड नसतात. त्यांना पुस्तक सोडायची भीती वाटते, आणि मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत रिपोर्ट लिहिणाऱ्यांना ती जास्तच वाटते.

म्हणून मी त्यांना पुस्तक मिटायला लावते. मग कागदावर दोन नळ्या काढायच्या, एकीत प्लाझ्मिड आणि दुसरीत गुणसूत्र, आणि प्रत्येक द्रावणानंतर दोन्हींचं काय झालं ते बाण काढून दाखवायचं. त्यानंतर शेजारच्या जोडीदाराला ते मराठीत तोंडी सांगायचं. जिथे जीभ अडते तिथे समजलेलं नसतं, आणि पुस्तक पुन्हा उघडायचं ते तेवढ्यापुरतंच. यानंतर रिपोर्टमधलं वाक्य आपोआप वेगळं उतरतं, कारण त्याची सुरुवात आपल्या प्रश्नापासून होते. त्याच मुलीने दुसऱ्यांदा लिहिलं: ‘दोन्ही डीएनएंचे धागे अल्कलीत सुटले, तरी जेलवर प्लाझ्मिडच दिसला. त्याची दोन्ही वर्तुळं एकमेकांत अडकलेली असल्याने पीएच खाली येताच त्यांना जोडीदार शोधावा लागला नाही.’ ‘प्लाझ्मिड’, ‘डीनेचर’, ‘एसडीएस’ हे शब्द तसेच ठेवावेत. ते कुणाच्या मालकीचे नाहीत आणि त्यांचे प्रतिशब्द शोधायला गेलं की अर्थ बिघडतो.

वाक्य आपलं झालं तरी स्पष्टीकरण आपण शोधलेलं नसतं, म्हणून त्याच्या शेवटी संदर्भ हवाच. पण कुणाचा? इथे मुलं हमखास चुकतात. ही पद्धत बर्नबॉइम आणि डॉली यांनी 1979 मध्ये ‘न्यूक्लिइक ॲसिड्स रिसर्च’मध्ये प्रसिद्ध केली. प्रयोगाच्या छापील सूचनांच्या तळाशी तो संदर्भ असतो आणि सगळे तो उचलतात. मग लिहितात, ‘तिसऱ्या द्रावणातल्या पोटॅशियममुळे एसडीएस खाली बसतं (बर्नबॉइम आणि डॉली, 1979)’. मूळ निबंध उघडला तर त्यातलं तिसरं द्रावण सोडियम ॲसिटेटचं आहे. पोटॅशियम ॲसिटेट वापरलेली सुधारित पद्धत इश-हॉरोविट्झ आणि बर्क यांच्या 1981 च्या निबंधात येते. मूळ पद्धतीत पहिल्या द्रावणात लायसोझाइम हे विकरही होतं, आज ते बहुतेक ठिकाणी घालत नाहीत. न वाचलेला निबंध आधाराला घेतला की तो असा उघडा पडतो. जे वाचलं त्याचं नाव द्यावं, मग ते पाठ्यपुस्तक असो, किटबरोबरची पुस्तिका असो की विभागाने दिलेली झेरॉक्स. मूळ निबंधाचा उल्लेख करायचाच असेल तर तो अमुक पुस्तकातून कळला असं स्पष्ट लिहावं. ‘कृती’ या भागात पद्धतीचा संदर्भ एकदा देऊन आपण काय बदललं ते सांगावं. डीएनएला दोन धागे असतात, याला संदर्भ लागत नाही.

मुलं मला टक्केवारी विचारतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि सर्वसामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळलेले सलग 14 शब्दांपर्यंतचे मजकूर मोजणीतून वगळले जातात. पण साम्य मोजणारं सॉफ्टवेअर जुळणारे शब्द शोधतं. वर दिलेलं ठिगळाचं वाक्य त्यातून सहज सुटू शकतं. उलट ‘कृती’ भागातली द्रावणांची प्रमाणं त्यात अडकू शकतात, आणि ती वेगळ्या शब्दांत लिहिण्याची धडपड करण्यात अर्थ नसतो. 0.2 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड दुसरं कसं लिहिणार?

आपलं वाक्य कुठे संपतं आणि पुस्तकाचं कुठे सुरू होतं, हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते प्रयोग फसल्यावर. दुसऱ्या द्रावणात नळी पाच मिनिटांपेक्षा जास्त राहिली तर काही प्लाझ्मिडचे धागे पुन्हा नीट जुळतच नाहीत. असा प्लाझ्मिड जेलवर नेहमीच्या पट्ट्याच्या पुढे पळतो आणि रिस्ट्रिक्शन एन्झाइमने कापला जात नाही. नळी जोरात हलवली तर गुणसूत्राचे बारीक तुकडे होतात, ते गुठळीत न अडकता प्लाझ्मिडबरोबर येतात आणि जेल धुरकट दिसतं.

यंदा एका मुलाच्या जेलवर मुख्य पट्ट्याच्या पुढे एक फिकट पट्टा आला. त्याने लिहिलं: ‘सेंट्रिफ्यूज रिकामं नव्हतं म्हणून माझी नळी दुसऱ्या द्रावणात आठ मिनिटं राहिली. पुढचा फिकट पट्टा एन्झाइम घातल्यावरही तसाच आहे. अल्कलीत जास्त वेळ राहिलेला प्लाझ्मिड कायमचा डीनेचर होऊन असा वागतो.’ पहिली दोन वाक्यं त्याने पाहिलेली, त्यांच्यापुढे काही नाही. तिसऱ्याच्या शेवटी कंस, आणि कंसात त्याने खरोखर वाचलेल्या पुस्तकाचं नाव, वर्ष आणि पान.