नवं वर्ष उजाडताना काय म्हणायचं?

टोकियोतलं एक छोटं सोबाचं दुकान. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. भिंतीवरच्या घड्याळात संध्याकाळचे पाच वाजलेत, बाहेर अंधारून आलंय आणि कामावर येणारा कॉलेजचा पोरगा दार सरकवून आत शिरतो. मान लववून तो मालकाला म्हणतो, ‘ओहायो गोझाइमास!’ माझ्या समोरच्या इंग्रजी टेम्प्लेटमध्ये त्याखाली लिहिलेलं होतं, ‘गुड मॉर्निंग’.

मी जपानी मालिकांची मराठी उपशीर्षकं करते. जपानी मी पुण्यात शिकले, पण या कामात मूळ संवादांबरोबर एक इंग्रजी टेम्प्लेट येतं. कोणती ओळ किती सेकंद दिसणार, हे त्यात आधीच ठरलेलं असतं. हाताशी वेळ थोडा असला की भाषांतरकार मूळ आवाज ऐकण्याऐवजी त्या इंग्रजी ओळीकडेच बघतो. तसं केलं असतं, तर संध्याकाळी पाच वाजता हा पोरगा मराठीत ‘सुप्रभात’ म्हणाला असता.

चूक त्याची नव्हती. ‘ओहायो’ हा शब्द ‘हायाइ’ म्हणजे ‘लवकर’ यावरून आला. सकाळी भेटणारे एकमेकांना तो म्हणतातच. पण नाटक-सिनेमाच्या जगात आणि पाळ्यांमध्ये चालणाऱ्या अनेक कामांच्या ठिकाणी दिवसातली पहिली भेट केव्हाही झाली, तरी तोच शब्द वापरतात. तिथे त्याचा सूर्याशी संबंध राहत नाही, ‘मी कामावर हजर आहे’ एवढाच अर्थ उरतो. आपल्याकडचा पोरगा दुकानात शिरताना काय म्हणेल? मी लिहिलं, ‘आलो, मालक!’ त्यात प्रभात नाही आणि शुभही नाही. पण पोरगा आला, आदराने बोलला आणि कामाला लागला, हे सगळं त्यात आहे.

वेळेच्या अभिवादनांत मराठी माणूस अडखळतो याचं कारण साधं आहे. आपल्या बोलण्यात घड्याळाप्रमाणे बदलणारी अभिवादनं मुळात नाहीत. ‘नमस्कार’ सकाळी चालतो आणि रात्रीही चालतो. ‘राम राम’ केव्हाही. शेजारी भेटला की आपण ‘काय, झाला का चहा?’ किंवा ‘जेवण झालं का?’ असं विचारतो. दिवसाची वेळ त्या प्रश्नात आपोआप येते. ‘सुप्रभात’ व्यासपीठावर आणि फोनवरच्या संदेशांत दिसतं. ‘शुभ दुपार’ तर मी कोणाच्या तोंडून सहज निघालेलं ऐकलेलं नाही. तरीही इंग्रजी ‘गुड आफ्टरनून’ दिसलं की अनेकांचा हात तिकडेच जातो, कारण शब्दाला शब्द मिळाल्याचं समाधान वाटतं.

खरा घोळ निरोपाच्या वेळी होतो. इंग्रजीत ‘गुड नाइट’ फक्त निघताना किंवा झोपताना म्हणतात. पोर्तुगीजमध्ये ‘बोआ नोइत’चा शब्दशः अर्थ तोच, पण रात्री घरात शिरणारा पाहुणाही तेच म्हणतो. इथे शब्दाचा हिशोब करणारा भाषांतरकार पाहुण्याला दारातच ‘शुभ रात्री’ म्हणायला लावतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, हा आला तसा परत चालला. गोव्यात मात्र कोंकणीने स्वतःची वाट धरली. तिथल्या ख्रिस्ती घरांत ‘देव बरो दीस दिवं’ म्हणतात, म्हणजे देव चांगला दिवस देवो. ‘बों दिया’ तिथे शेकडो वर्षं कानावर पडत होतं, पण त्याचं अक्षरशः रूपांतर झालं नाही. दिवस चांगला जाण्याचं मागणं देवाकडे नेलं गेलं आणि आशीर्वाद देण्याची आपली रीत टिकून राहिली.

दुकानातला तो प्रसंग 31 डिसेंबरचा होता. त्या रात्री जपानमध्ये ‘तोशिकोशी सोबा’ खातात, म्हणजे वर्ष ओलांडतानाच्या शेवया. बौद्ध मंदिरांत 108 वेळा घंटा वाजवण्याची प्रथाही त्याच रात्रीची. 1873 पासून जपानने ग्रेगरियन दिनदर्शिका घेतली, त्यामुळे त्यांचं नवं वर्ष 1 जानेवारीलाच येतं. शेवया संपवून गिऱ्हाईक उठतं आणि म्हणतं, ‘योइ ओतोशी ओ’. पुढच्या भागात, 4 जानेवारीला दुकान उघडतं आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणतं, ‘आकेमाश्ते ओमेदेतो गोझाइमास’. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये दोन्ही ठिकाणी एकच ओळ होती, ‘हॅपी न्यू इयर’.

जपानी माणूस या दोन वाक्यांची अदलाबदल कधीच करणार नाही. पहिलं वाक्य अर्धवट आहे. पूर्ण वाक्याचा भाव असा, ‘चांगल्या वर्षाचं स्वागत करा’. वर्ष अजून यायचंय, म्हणून ते आगाऊ म्हणायचं. दुसऱ्यातलं ‘आकेमाश्ते’ म्हणजे ‘उजाडलं’. रात्र सरून दिवस उजाडतो, त्यालाही हेच क्रियापद. आणि ‘ओमेदेतो’ म्हणजे अभिनंदन. 31 तारखेच्या रात्री बाराच्या आत हे म्हणणं म्हणजे बाळ जन्मायच्या आधी बारशाला जाण्यासारखं. ते म्हणण्याची मुदतही ठरलेली आहे. दारापुढची पाइनची सजावट असेपर्यंत ते चालतं. टोकियोच्या बाजूला ही मुदत साधारण 7 जानेवारीपर्यंत आणि क्योतो-ओसाकाकडे 15 पर्यंत.

म्हणून दोन्ही ओळी वेगळ्या करणं भाग होतं. निघणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी ‘येतो, आता पुढच्या वर्षी!’ असं म्हणायला लावलं. मोठ्याने वाचलं आणि खोडलं. ‘पुढच्या वर्षी’ म्हटलं की मराठी कानाला गणपतीची मिरवणूक ऐकू येते, आणि हा माणूस चार दिवसांनी परत येणार होता. शेवटी लिहिलं, ‘येतो. नवं वर्ष सुखाचं उजाडो.’ आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, ही सवय इथे फार उपयोगी पडली. आणि जपानी वाक्यातलं उजाडणं मी एक दिवस आधी उसनं घेतलं, कारण मराठीतही वर्ष उजाडतंच.

4 तारखेचं गिऱ्हाईक अभिनंदनानंतर आणखी एक वाक्य म्हणतं, ‘कोतोशि मो योरोशिकु’. शब्दशः अर्थ लावायला गेलं तर ‘यंदाही चांगलं वागवून घ्या’ असं काहीतरी होतं. टेम्प्लेटमध्ये ते वाक्य गाळलेलं होतं, कारण इंग्रजीत त्याला जागा सापडत नाही. मराठीत ती जागा आधीपासून आहे. आपल्या जुन्या पत्रांच्या शेवटी ‘लोभ असावा’ असायचं. ‘यंदाही लोभ असू द्या’ हे मी लिहिलं, तेव्हा वाक्य भाषांतर केल्यासारखं वाटलं नाही, सापडल्यासारखं वाटलं.

पण समतुल्य शोधताना एक मर्यादा पाळावी लागते. त्या दुकानातली म्हातारी कोणाला ‘राम राम’ म्हणू शकत नाही. मराठीत अभिवादनावरून माणूस कळतो. ‘राम कृष्ण हरी’ म्हणणारा वारकरी, ‘जय भीम’ म्हणणारा आंबेडकरी, ‘जय जिनेंद्र’ म्हणणारा जैन. यातलं काहीही टोकियोच्या तोंडी घातलं, तर ते माणूसच बदललं. समतुल्य वाक्य आपल्या भाषेतलं असावं, पण त्याने पात्राला आपला धर्म किंवा जात देऊ नये. ‘लोभ असू द्या’ चालतं, कारण ते कुठल्या देवाचं नाही.

काही वेळा समतुल्य शोधूच नये, हेही आपल्या सणांकडे उलट दिशेने पाहिलं की कळतं. मराठी चित्रपटाचं दुसऱ्या भाषेत भाषांतर करताना ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ याला ‘संक्रांतीच्या शुभेच्छा’ एवढंच ठेवलं, तर वेळ वाचतो. पण वर्षभर अबोला धरलेल्या जावेपुढे एखादी बाई तिळगुळाची वाटी धरते आणि हे वाक्य म्हणते, तेव्हा सगळा प्रसंग ‘गोड बोला’ या दोन शब्दांवर उभा असतो. तिथे शब्द जसाच्या तसा गेला पाहिजे. दसऱ्याचंही तेच. ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणताना पडद्यावर आपट्याची पानं दिसत असतात. परक्या प्रेक्षकाला त्या पानांशी सोन्याचा संबंध एकदा तरी कळायला हवा, नाहीतर तो पडद्यावर सोनं शोधत बसेल. वस्तू हातात दिसत असेल आणि वाक्य त्या वस्तूबद्दल असेल, तर मी अर्थ जवळून घेते. नुसतं अभिवादन असेल, तर प्रसंग घेते.

साच्याने शुभेच्छा देणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे. ‘हॅपी’पुढे सणाचं नाव जोडण्याची इंग्रजी सोय मराठीत आणली की आधी व्याकरण मोडतं. ‘दिवाळीच्या’ नीट होतं, पण ‘दसराच्या’ आणि ‘गुढीपाडवाच्या’ असं छापून येतं, कारण साच्याला ‘दसऱ्याच्या’ आणि ‘गुढीपाडव्याच्या’ ही रूपं करता येत नाहीत. मग अर्थ मोडतो. गुड फ्रायडे हा येशूच्या मृत्यूच्या स्मरणाचा दिवस आणि मोहरमची दहावी तारीख शिया मुसलमानांसाठी शोकाची. तिथे ‘हार्दिक शुभेच्छा’ देणं म्हणजे शोकाच्या घरी पेढे नेणं. नावापुढचा शब्द बदलून हे सुटत नाही. त्या दिवशी शुभेच्छा द्यायच्याच नसतात.

हे मला त्याच मालिकेत पुन्हा भेटलं. मालकाची आई शरद ऋतूत वारलेली होती. जपानमध्ये घरात मृत्यू झाला, की त्या नव्या वर्षाला ‘ओमेदेतो’ म्हणत नाहीत. शुभेच्छापत्रं पाठवू नयेत असं कळवणारी पत्रंसुद्धा डिसेंबर लागण्याच्या सुमारास लोक पाठवतात. आपल्याकडेही अनेक घरांत ‘यंदा आमच्याकडे सण नाही’ एवढं सांगितलं की पुरतं. 4 जानेवारीला एक जुनं गिऱ्हाईक सवयीने ‘आकेमाश्ते’ म्हणतं, त्याला आठवतं, आणि ते तिथेच थांबतं. अभिनंदनाचा शब्द तोंडाबाहेर पडत नाही.

इंग्रजी ओळीत ‘हॅपी’ पहिलाच शब्द होता. गिऱ्हाईक थांबायच्या आत तो पडद्यावर आलेला असायचा, आणि थांबण्याला अर्थ उरत नव्हता. मराठीत शुभेच्छा वाक्याच्या शेवटी येतात, जपानीत ओमेदेतो येतं तसंच. म्हणून मला काही जोडावं लागलं नाही, फक्त ओळ तोडावी लागली.

‘नव्या वर्षाच्या...’

मालक मान वर करून पाहतो. दोन सेकंद कोणी बोलत नाही. मग गिऱ्हाईक खाली वाकून म्हणतं, ‘यंदाही लोभ असू द्या.’