पैसे दोनदा कापले जातात ते नेमके कुठे?

न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळाच्या नाटकांची तिकिटं मी लिहिलेल्या पानावरून विकली जायची. तिकीट 35 डॉलरचं. एका शनिवारी रात्री तिथल्या एका काकूंचा फोन आला. "अरे, मी दोनच तिकिटं काढली, पण कार्डावर सत्तर डॉलर दोनदा गेलेत. बटण दाबलं तर काही होईना, म्हणून परत दाबलं." मी सर्व्हरचा लॉग उघडला.

```
20:14:22.107  POST /pay  cart=418  amount=7000
20:14:22.448  POST /pay  cart=418  amount=7000
```

रक्कम सेंटमध्ये आहे, म्हणून 7000. दोन ओळींत अंतर 341 मिलिसेकंदांचं, आणि पहिल्या ओळीचं उत्तर यायला लागले जवळजवळ दोन सेकंद. कार्ड आधीच साठवलेलं होतं आणि तिकडे दर खरेदीला ओटीपी येतोच असं नाही. त्यामुळे दोन्ही विनंत्या सुरळीत पार पडल्या. मला खरी लाज वाटली ती पुढे: डबल चार्ज होऊ नये म्हणून लावतात ती आयडेम्पोटन्सी की मी लावलेली होती. तरीही हे झालं. त्यानंतरच्या आठवड्यात माझे जे समज एकेक करून गळून पडले, ते इथे मांडतो.

समज: बटण एकदा दाबल्यावर बंद केलं की प्रश्न मिटला.

बटण मीही बंद करत होतो. पण आधी खुर्च्या शिल्लक आहेत का हे सर्व्हरला विचारायचो, आणि उत्तर आल्यावर बटण बंद करायचो. तेवढ्या फटीत काकूंचं दुसरं बोट पडलं. ती फट बुजवता येते आणि बुजवावीच. पण समजा, बटण तत्क्षणी बंद झालं, आणि मग फोनची रेंज गेली. माणूस पान रीफ्रेश करतो, आणि बटण पुन्हा टवटवीत होऊन समोर उभं. शिवाय विनंती दुसऱ्यांदा पाठवणारा माणूसच असतो असंही नाही. उत्तर आलं नाही तर मोबाइल अॅपमधली नेटवर्क लायब्ररी आपणहून पुन्हा पाठवू शकते. मधल्या प्रॉक्सीलाही ती सवय असू शकते. एनजिनएक्सनं तर 1.9.13 या आवृत्तीपासून POST विनंत्या दुसऱ्या सर्व्हरकडे आपणहून पुन्हा पाठवणं बंद केलं. `non_idempotent` असं मुद्दाम लिहिल्याशिवाय ते होत नाही. बंद केलेलं बटण ही गिऱ्हाइकाला दिलेली खूण आहे, तिजोरीचं कुलूप नव्हे.

समज: उत्तर आलं नाही म्हणजे पैसे गेले नाहीत.

टाइमआउट झाला की तीन गोष्टींपैकी एक झालेली असते. विनंती वाटेतच हरवली. किंवा पोहोचली आणि काम अर्ध्यात अडलं. किंवा काम पूर्ण झालं, पैसे कापले गेले, आणि परतीच्या वाटेवर उत्तर हरवलं. ब्राउझरमधून बघणाऱ्याला तिन्ही सारख्याच दिसतात. पुन्हा पाठवलं नाही तर पहिल्या प्रकारात तिकीट मिळत नाही, पाठवलं तर तिसऱ्या प्रकारात दुप्पट पैसे जातात. म्हणून पुन्हा पाठवणं टाळायचं नसतं, ते निर्धोक करायचं असतं.

इथे तो अवघड शब्द कामाला येतो. बेंजामिन पियर्स या अमेरिकी गणितज्ञानं 1870 मध्ये 'आयडेम्पोटन्ट' हा शब्द बीजगणितासाठी घडवला: स्वतःनंच गुणलं तरी जे होतं तेच राहतं, असं काहीतरी. घरातलं उदाहरण दूधवाल्याच्या कार्डाचं. आज दूध घेतलं की आजच्या तारखेच्या चौकटीत फुली मारायची. आईनं मारली, मग विसरून बाबांनीही त्याच चौकटीत मारली, तरी महिन्याच्या हिशोबात आजचं दूध एकदाच धरलं जातं. हेच जर भिंतीवर कोळशानं रेघा ओढून चाललं असतं, तर दोन रेघांचे दोन दिवस झाले असते. पैसे कापायची साधी विनंती म्हणजे भिंतीवरची रेघ. आयडेम्पोटन्सी की तिला चौकट देते.

समज: की लावली की डबल चार्ज होत नाही.

माझी चूक इथे होती. सर्व्हरवर मी असं लिहिलं होतं:

```
def pay(cart):
    key = uuid4()
    charge(cart.amount, key)
```

`uuid4()` दर वेळी नवा, कुणाशी जुळणार नाही असा लांबलचक आकडा देतं. काकूंनी दोनदा बटण दाबलं, हा कोड दोनदा चालला, दोन वेगळ्या की तयार झाल्या. पेमेंट गेटवेच्या दृष्टीनं त्या दोन स्वतंत्र मागण्या होत्या, आणि त्यानं दोन्ही इमानदारीत पुऱ्या केल्या. दूधवाल्याच्या कार्डावर दर फुलीला मी नवी चौकट आखून देत होतो.

की विनंतीची नसते, ती इराद्याची असते. 'काकूंना या दोन तिकिटांचे पैसे एकदा द्यायचे आहेत' हा इरादा पैसे भरायचं पान उघडताना ठरतो, म्हणून कीचा जन्मही तेव्हाच व्हायला हवा. ती कार्टसोबत साठवायची, आणि बटण एकदा दाबलं, पाचदा दाबलं, पान रीफ्रेश झालं, तरी तीच पाठवायची:

```
POST /v1/payment_intents
Idempotency-Key: 7c1e4b0a-93d2-4f6e-8a15-2b9d60c7e5f1

amount=7000¤cy=usd
```

हा नमुना स्ट्राइपच्या पद्धतीचा आहे. ही की पहिल्यांदा आली की गेटवे काम करतं आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं जपून ठेवतं. तीच की पुन्हा आली तर काम करतच नाही, जपलेलं उत्तर परत देतं, आणि उत्तरासोबत `Idempotent-Replayed: true` असं सांगतं. पहिलं काम अजून चालूच असेल तर 409 हा कोड येतो, म्हणजे 'थांब, याच कामात आहे'. आणि की तीच ठेवून रक्कम बदललीत तर चूक दाखवून विनंती नाकारली जाते, हे फार बरं आहे. नाहीतर सत्तर डॉलरच्या पावतीवर एकशे पाच डॉलरची तिकिटं गेली असती.

मंडळातल्या एका उत्साही मित्रानं सोपा उपाय सुचवला होता: तोच माणूस, तीच रक्कम, पाच मिनिटांच्या आत, तर दुसरी विनंती सरळ टाकून द्यायची. पण आपल्याकडे तिकिटं अशी निघत नाहीत. दोन काढली, मग मेहुण्याचा फोन आला, "आमचीही काढ", की तीन मिनिटांत त्याच कार्डावर अजून दोन. रकमेवरून इरादा ओळखता येत नाही.

समज: आधी नोंद आहे का बघायचं, नसेल तर पैसे कापायचे.

वाचताना यात काही खोट दिसत नाही. पण 107 मिलिसेकंदांवर आलेली विनंती बघते: नोंद नाही. 448 वर आलेली बघते: अजूनही नाही, कारण पहिलीचं काम दोन सेकंद चालणार आहे आणि मी नोंद करत होतो ती शेवटी. दोघी पुढे जातात. नोंद आधी केली तरी बघणं आणि लिहिणं या दोन पायऱ्या वेगळ्या असतील, तर मधे फट उरतेच. म्हणून दोन्ही एकाच घासात व्हायला हवं, आणि ते डेटाबेसवर सोपवावं. `idem_key` या रकान्यावर युनिक बंधन घालायचं, आणि पैसे कापायच्या आधी:

```
INSERT INTO pay_requests (idem_key, status)
VALUES ($1, 'started')
ON CONFLICT (idem_key) DO NOTHING;
```

एक ओळ पडली तर काम तुमचं. शून्य पडल्या तर दुसरं कुणीतरी ते करतंय किंवा करून बसलंय; त्याची स्थिती बघा आणि तेच उत्तर द्या. सर्व्हर मधेच कोसळला तर ती ओळ 'started' वर अडकून राहते. तेव्हा तीच की घेऊन गेटवेला पुन्हा विचारायचं. म्हणून आपल्या नोंदीतली की आणि गेटवेला दिलेली की एकच असावी.

समज: एक इरादा, एक की, आता कायमची चिंता मिटली.

हा माझा दुसरा पराक्रम. घाबरून मी कीच कार्टला बांधली: कार्ट 431, की 431. चार दिवसांनी एका गृहस्थांचं कार्ड नाकारलं गेलं, कारण त्यांच्या मर्यादेत पैसे नव्हते. त्यांनी बँकेच्या अॅपमध्ये मर्यादा वाढवली आणि पुन्हा बटण दाबलं. नकार. पुन्हा दाबलं. नकार. गेटवे फक्त यश जपून ठेवत नाही, नकारही जपतं. त्यांच्या बँकेला दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नव्हतं. पहिलाच नकार त्यांना वाचून दाखवला जात होता. वेगळं कार्ड दिलं तर आणखी गंमत: की तीच, तपशील वेगळा, म्हणून थेट चूक.

आता की म्हणजे कार्ट आणि प्रयत्नाचा क्रमांक: `431-1`, मग `431-2`. क्रमांक कधी वाढवायचा यातच सगळी मेख आहे. बँकेनं स्पष्ट नकार दिला, तरच. टाइमआउट झाला किंवा गेटवेकडून 500 आला, तर वाढवायचा नाही, कारण पैसे गेले की नाहीत हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं; आधी गेटवेकडे त्या व्यवहाराची स्थिती बघायची. आणि की जन्मभर जपली जात नाही. स्ट्राइप किमान 24 तास ती ठेवण्याची हमी देतं, त्यानंतर ती पुसली जाऊ शकते. परवाची अडकलेली विनंती आज त्याच कीनं आंधळेपणानं पाठवली, तर ती नवीन म्हणून चालू शकते.

समज: स्टेटमेंटवर दोन ओळी म्हणजे पैसे दोनदा गेले.

नेहमीच नाही. कार्डावर आधी रक्कम रोखून धरली जाते आणि नंतर प्रत्यक्ष वसूल होते. 'पेंडिंग' दिसणारी ओळ काही दिवसांत आपोआप गळून पडू शकते. दोन्ही ओळी पक्क्या झाल्या आणि दोन्हींचे व्यवहार क्रमांक वेगळे असले, तर मात्र खरंच दोनदा गेलेत. काकूंचे तसेच गेले होते. त्यांतले सत्तर परत केले.

भारतात कार्डाला सहसा ओटीपी आणि यूपीआयला पिन लागतो, म्हणून नुसत्या बोटाच्या घाईनं दोनदा कापलं जाणं कमी. इथे घोटाळा वेगळा: दुकानदार म्हणतो "आलं नाही", आपण क्यूआर पुन्हा स्कॅन करून पिन पुन्हा टाकतो, आणि मग दोन्ही पोहोचतात. ते दोन खरेखुरे व्यवहार आहेत, दोन वेगळे बारा आकडी संदर्भ क्रमांक घेऊन. कुठलीही की त्यांना एक करू शकत नाही, जादाचे पैसे दुकानदाराकडूनच परत घ्यावे लागतात. खात्यातून गेले पण दुकानदाराला पोहोच मिळालीच नाही, अशा अडकलेल्या यूपीआय व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात पाच दिवसांची मुदत आहे. त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई.

पुढच्या नाटकाच्या वेळी मी पहिले दोन तास लॉगसमोरच बसून होतो. काकू सव्वासातला आल्या, आणि सवयीप्रमाणे बटण दोनदा दाबलं.

```
19:16:51.630  key=502-1  started
19:16:51.918  key=502-1  409
19:16:53.402  key=502-1  succeeded
19:16:53.960  key=502-1  replayed
```

दुसऱ्या ओळीतला 409 आमच्याच सर्व्हरचा. तो मिळाल्यावर पान दोन सेकंद थांबून पुन्हा विचारतं. चौथी ओळ त्याची. काकूंना दिसलं ते एवढंच: गोल फिरणारं चक्र, आणि मग खुर्ची क्रमांक सी 11 आणि सी 12.